चार चौकटी आणि एक लाखाची गाडी

व्यवस्थापनाच्या पदवी वा पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. दुसऱ्या दिवशी ‘केस प्रेझेंटेशन’ असते, गटातील पाच जण रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपभोवती बसलेले असतात आणि चौथ्या किंवा पाचव्या स्लाइडवर चार चौकटी आखलेल्या असतात : बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके. यालाच ‘स्वॉट’ म्हणतात. चौकटी भरण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. बलस्थानांत नामांकित ब्रँड, अनुभवी नेतृत्व आणि कुशल मनुष्यबळ. उणिवांत जाहिरातीचा अभाव. संधींमध्ये वाढता मध्यमवर्ग आणि निर्यात. धोक्यांत तीव्र स्पर्धा, वाढती महागाई आणि सरकारी धोरणातील बदल. स्लाइड दिसायला भरगच्च होते आणि गट समाधानाने झोपी जातो.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांपैकी कोणी अनुभवी असेल, तर तो एकच प्रश्न विचारतो : “या स्लाइडवरील कंपनीचे नाव झाकले, तर ही कंपनी साबणाची आहे, सिमेंटची आहे की मोटारीची, हे मला कसे कळावे?” गटाकडे उत्तर नसते. त्यापुढच्या स्लाइडवर जी शिफारस असते, तिचा या चार चौकटींशी काहीही संबंध नसतो, हेही त्याच वेळी उघड होते. गुण जातात ते तेथे.

हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. हिल आणि वेस्टब्रुक या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी १९९७ साली ‘लाँग रेंज प्लॅनिंग’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. सल्लागारांच्या मदतीने स्वॉट करणाऱ्या ब्रिटनमधील वीस कंपन्यांची कागदपत्रे त्यांनी तपासली होती. याद्या लांबलचक होत्या, शब्द मोघम होते, कोणता मुद्दा मोठा आणि कोणता किरकोळ याचा पत्ता नव्हता. आणि पुढे निर्णय घेताना त्या याद्या कोणी वापरल्याच नव्हत्या. सदोष मोटार कारखाना परत मागवतो, त्याप्रमाणे स्वॉट हे उत्पादनच बाजारातून परत मागवावे, अशा आशयाचे शीर्षक त्यांनी त्या लेखाला दिले होते. सल्लागारांचे मानधन घेऊन केलेल्या कामाची ही कथा असेल, तर रात्री अकरा वाजता चहा पिऊन केलेल्या स्लाइडला फार बोल लावता येत नाही.

तरीही ही पद्धत टाकून देण्याजोगी नाही. ती कशी वापरावी, हे एखाद्या खऱ्या उदाहरणावरच नीट दाखवता येते, आणि त्यासाठी टाटा नॅनोइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. ही केस आपल्याकडील बहुतेक व्यवस्थापन संस्थांत कधी ना कधी शिकवली जाते. शिवाय तिची हकीकत घरातील वडीलधाऱ्यांनाही आठवत असते.

ती हकीकत थोडक्यात अशी. पावसात एकाच स्कूटरवरून चाललेले चौघांचे कुटुंब रतन टाटा यांनी पाहिले आणि अशा कुटुंबाला परवडेल अशी सुरक्षित मोटार बनवावी, असे त्यांच्या मनात आले. एक लाख रुपयांची गाडी हे लक्ष्य ठरले. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती प्रथम दाखवण्यात आली. पश्चिम बंगालमधील सिंगूरचा कारखाना जमिनीच्या वादामुळे ऑक्टोबर २००८ मध्ये सोडावा लागला आणि प्रकल्प गुजरातेत साणंदला हलवण्यात आला. मार्च २००९ मध्ये मुंबईत गाडीचे विक्रीसाठी अनावरण झाले. एप्रिलमध्ये दोन लाखांहून अधिक लोकांनी आगाऊ पैसे भरून नोंदणी केली आणि पहिल्या लाखभर ग्राहकांची निवड सोडत काढून करावी लागली. साणंदचा कारखाना जून २०१० मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती. दरम्यान, मार्च २०१० मध्ये मुंबईत एका कोऱ्या नॅनोने रस्त्यावरच पेट घेतला, आणि अशा आणखी काही घटनांच्या बातम्या आल्या. मग विक्री घसरू लागली. जुलै २०१० मध्ये सुमारे नऊ हजार, ऑक्टोबरमध्ये सुमारे तीन हजार आणि नोव्हेंबरमध्ये अवघ्या ५०९ गाड्या.

आता येथेच थांबून गटाने पहिले काम करावयाचे असते, आणि बहुतेक गट तेच विसरतात. चौकटी आखण्यापूर्वी प्रश्न आणि तारीख लिहावी लागते. “टाटा नॅनोचे स्वॉट” असे काही नसतेच. २००६ मध्ये कारखाना कोठे उभारावा हा प्रश्न असेल, तर एक स्वॉट होईल. २०१४ मध्ये गाडीचे नवे रूप कसे असावे हा असेल, तर निराळे. या लेखापुरता प्रश्न असा धरू : डिसेंबर २०१० चा पहिला आठवडा आहे, नोव्हेंबरचा ५०९ हा आकडा नुकताच जाहीर झाला आहे, आणि कंपनीपुढे तीन मार्ग आहेत. पहिला, किंमत पुन्हा खाली आणून ‘सर्वांत स्वस्त’ ही हाक अधिक जोरात द्यावी. दुसरा, गाडीत सोयी वाढवून ती शहरातील सुस्थित कुटुंबाची दुसरी गाडी म्हणून विकावी. तिसरा, गाडी आहे तशीच ठेवून दुचाकीवाल्या मूळ ग्राहकाच्या वाटेतील अडचणी दूर कराव्यात. यांपैकी कोणता?

तारखेचे बंधन विद्यार्थ्यांना जाचक वाटते, कारण पुढे काय झाले हे त्यांना ठाऊक असते. ‘लोकांना स्वस्त गाडी नको होती’ हे वाक्य आज कोणीही लिहू शकतो; पण डिसेंबर २०१० मध्ये, दोन लाख लोकांनी पैसे भरल्याचा पुरावा समोर असताना, ते लिहिण्यास कोणता आधार होता? आधार दाखवता आला तर लिहावे, नाहीतर गाळावे. परीक्षक हे बारकाईने पाहतात.

प्रश्न ठरला की प्रत्येक मुद्द्याला एकच कसोटी लावता येते : हा मुद्दा खोडला, तर तीन मार्गांमधील आपली निवड बदलेल काय, किंवा निदान डळमळेल काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर मुद्दा कितीही खरा असला, तरी त्याला स्लाइडवर जागा नाही. नाव झाकण्याची परीक्षकाची कसोटी उपयोगी आहे. पण ती पुरेशी नाही. ‘इंजिन मागच्या बाजूस, ६२४ सीसीचे, दोन सिलिंडरचे’ हा मुद्दा फक्त नॅनोलाच लागू पडतो. तरीही तीन मार्गांच्या निवडीत त्याने फरक पडत नसेल, तर तो केवळ माहिती म्हणून उरतो.

आता चौकटींकडे वळू. बलस्थानांत प्रत्येक गट ‘टाटा हे विश्वासाचे नाव’ असे पहिल्याच ओळीत लिहितो. हे खोटे नाही, पण कोणाच्या तुलनेत आणि कोणत्या बाबतीत? ग्राहकासमोर त्या दिवशी दुसरा पर्याय होता मारुती अल्टो. ती महाग होती, तरी त्या वर्षी दरमहा पंचवीस हजारांहून अधिक संख्येने विकली जात होती. छोट्या गाडीच्या बाबतीत, गावोगावी दुरुस्ती होण्याच्या बाबतीत आणि जुनी झाल्यावर चांगली किंमत मिळण्याच्या बाबतीत विश्वास होता तो मारुतीवर. म्हणजे टाटांचे नाव मालमोटारीच्या मालकाला जो भरवसा देत होते, तोच भरवसा पहिल्यांदा मोटार घेणाऱ्या शिक्षकाला किंवा दुकानदाराला देत होते, असे गृहीत धरता येत नाही. बलस्थान हे नेहमी कोणाच्या तरी तुलनेत असते. अल्टोच्या तुलनेत नॅनोचे खरे बलस्थान शोधले, तर दोन गोष्टी उरतात : नव्या मोटारीसाठी द्यावी लागणारी सर्वांत कमी रक्कम आणि बाहेरून लहान असूनही आत चार माणसांना मिळणारी ऐसपैस जागा. पहिली गोष्ट पहिल्या व तिसऱ्या मार्गाला बळ देते, तर दुसरी तिन्ही मार्गांना सारखीच लागू पडते. म्हणून ती स्लाइडवर न घेतली तरी चालते.

साणंदच्या कारखान्याचे काय? अनेक गट ‘अत्याधुनिक कारखाना, अडीच लाखांची क्षमता’ हे बलस्थानांत टाकतात. येथे साधा भागाकार करून पाहावा. वर्षाला अडीच लाख म्हणजे महिन्याला सुमारे २०,८०० गाड्या. नोव्हेंबरमध्ये गेल्या ५०९. कारखान्याचा घसारा, व्याज आणि पगार हे खर्च गाड्या निघोत वा न निघोत, चालूच राहतात. त्या आठवड्यात ही क्षमता म्हणजे उशाशी ठेवलेले ओझे होते. उणिवांत तिची नोंद करताना ‘क्षमतेचा अपुरा वापर’ एवढेच न लिहिता आकडा लिहावा आणि त्याचा परिणामही : महिन्याला काही हजार गाड्या शहरी हौशी ग्राहकांना विकून हे ओझे हलके होणार नाही, मोठ्या संख्येचा ग्राहकच लागेल. हा मुद्दा दुसऱ्या मार्गाच्या विरुद्ध जातो. खोडला तर निवड डळमळते. म्हणून तो राहतो.

याच ठिकाणी ५०९ या आकड्याविषयीही सावध राहावे लागते. आपल्याकडे मोटार कंपन्या दरमहा जे विक्रीचे आकडे जाहीर करीत आल्या आहेत, ते प्रायः वितरकांकडे पाठवलेल्या गाड्यांचे असतात, ग्राहकांनी नेलेल्या गाड्यांचे नव्हेत. वितरकाच्या आवारात आधीच्या गाड्या पडून असतील, तर कंपनी एखाद्या महिन्यात पाठवणीच आखडती घेते. तेव्हा ५०९ यावरून ‘देशात फक्त पाचशे नऊ लोकांनी नॅनो घेतली’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. मागणी घटली होती हे जुलैपासूनच्या उतरत्या आकड्यांवरून दिसते. पण ती एका महिन्यात नाहीशी झाली, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. असा खुलासा करणाऱ्या गटाकडे परीक्षक निराळ्या नजरेने पाहतो.

सर्वांत अधिक गोंधळ होतो तो आत आणि बाहेर या भेदात. बलस्थाने व उणिवा कंपनीच्या आतल्या, संधी व धोके बाहेरचे, हे पुस्तकात दिलेलेच असते. तरी ‘निर्यात करावी’ हे वाक्य संधींच्या चौकटीत जाऊन बसते. ती संधी नव्हे, तो उपाय झाला. संधी म्हणजे कंपनीने काहीही केले नाही तरी बाहेर अस्तित्वात असलेली परिस्थिती. ओळखण्याची खूण सोपी आहे : वाक्याच्या शेवटी ‘करावे’ लागत असेल, तर ते शिफारशीच्या स्लाइडवर जावे.

मग नॅनोची संधी कोणती? ‘वाढता मध्यमवर्ग’ हे उत्तर शिळे झाले आहे. त्यापेक्षा नेमके उत्तर म्हणजे दुचाकींची बाजारपेठ : त्या आर्थिक वर्षात देशात एक कोटीहून अधिक दुचाकी विकल्या गेल्या. पण येथे मोठ्या आकड्याचा मोह आवरावा लागतो. एक कोटी ग्राहक ही संधी नव्हे. त्यांच्यापैकी किती जणांना मोटार हवी आहे, तिचा हप्ता झेपेल आणि कर्ज मिळेल, एवढीच संधी असते. आणि त्यांतही काही जण नव्या नॅनोऐवजी तेवढ्याच पैशांत जुनी मारुती घेतील. ही जुनी मारुती म्हणजे ‘तीव्र स्पर्धा’ या मोघम धोक्याचे खरे रूप होय. नवी नॅनो की पाच वर्षे वापरलेली मारुती, हा हिशेब त्या काळी कित्येक घरांत झाला असेल.

कर्जाचा मुद्दा थोडा विस्ताराने पाहण्याजोगा आहे, कारण या केसची गुरुकिल्ली बऱ्याच अंशी तेथे आहे आणि विद्यार्थी तो बहुधा चुकवतात. २००९ च्या नोंदणीच्या वेळी अनेक बँका आणि वित्तसंस्था नोंदणीच्या रकमेसाठी कर्ज देत होत्या. अर्जासोबतच ती सोय होती. पुढे सोडतीची यादी संपत आली आणि गाडी सरळ दुकानातून विकण्याची वेळ आली, तेव्हा येणारा ग्राहक निराळा होता. तो लहान गावातील, दुचाकी चालवणारा, हिशेब वहीत ठेवणारा, प्राप्तिकराचे विवरणपत्र न भरणारा. त्याची मिळकत खरी असे, पण ती कागदावर दिसत नसे. बँकेचा अधिकारी अशा अर्जाकडे पाहताना तीन गोष्टी पाहतो : मिळकतीचा पुरावा, आधीच्या कर्जफेडीचा इतिहास आणि कर्ज थकले तर गाडी विकून काय मिळेल. तिसऱ्या बाबतीत अडचण अशी की नॅनोची जुनी गाडी बाजारात कितीला जाते, याचा अनुभवच तेव्हा कोणाकडे नव्हता. त्यात आगीच्या बातम्या. अशा स्थितीत बँक एक तर नकार देते, किंवा ग्राहकाने स्वतः भरावयाची रक्कम वाढवते.

या रकमेचा परिणाम समजण्यासाठी एक हिशेब करून पाहू. समजा, गाडी रस्त्यावर आणण्यास सर्व मिळून दीड लाख रुपये लागतात आणि कर्ज पाच वर्षांचे, बारा टक्के व्याजाचे आहे. बँकेने पंचवीस टक्के रक्कम स्वतः भरण्यास सांगितले, तर ग्राहकाला ३७,५०० रुपये रोख उभे करावे लागतात आणि मासिक हप्ता सुमारे २,५०० रुपये येतो. दहा टक्केच भरावयाचे असतील, तर रोख १५,००० रुपये आणि हप्ता सुमारे ३,००० रुपये. म्हणजे हप्ता पाचशेने वाढला, पण दारातला अडसर साडेबावीस हजारांनी कमी झाला. दुचाकीवाल्या कुटुंबाला महिन्याचे पाचशे रुपये कसेबसे निघतात. एकरकमी साडेबावीस हजार निघत नाहीत. आता पहिल्या मार्गाशी तुलना करा. किंमत पाच हजारांनी उतरवली, तर पंचवीस टक्क्यांच्या अटीत ग्राहकाची रोख रक्कम केवळ साडेबाराशेने कमी होते, आणि कंपनी मात्र प्रत्येक गाडीमागे पाच हजार गमावते. एवढा हिशेब स्लाइडवर मांडला, तर पहिला मार्ग का नको, हे निराळे सांगावे लागत नाही.

हा मुद्दा कोणत्या चौकटीत जावा? बँकांची अनिच्छा बाहेरची आहे, म्हणून धोका. पण टाटा समूहाची स्वतःची वाहनकर्ज देणारी संस्था होती. ती कंपनीच्या हातातील गोष्ट, म्हणून बलस्थान. एकच विषय दोन चौकटींत, पण दोन वेगळी विधाने म्हणून आला, आणि त्यात काही गैर नाही. गैर आहे ते एकच वाक्य शब्द फिरवून दोनदा लिहिणे.

आगीच्या घटनांवरून गटांत बरीच वादावादी होते : ही उणीव की धोका? या वादात अर्धा तास घालवू नये. गाडीतील तांत्रिक बाब आणि तिच्यावरील उपाय कंपनीच्या हाती आहेत, म्हणून उणिवांत लिहावे. कंपनीने नोव्हेंबरमध्ये विकलेल्या गाड्यांना विनामूल्य जादा संरक्षक भाग बसवून देण्याची तयारी दाखवली होती, पण त्याला गाड्या परत मागवणे म्हटले नव्हते, हे त्याच ओळीत यावे. कारण खरा प्रश्न निवडीचा आहे : भीती घालवण्यासाठी जाहिरात पुरेल की लेखी हमी लागेल? पहिल्यांदा मोटार घेणाऱ्याला अपघातापेक्षा दुरुस्तीच्या खर्चाची धास्ती अधिक असते, आणि दोन्ही धास्तींना एकच उत्तर देता येते ते वॉरंटीच्या कागदावर.

आणि ‘एक लाखाची गाडी’ ही ओळख? तिच्यावर गट हमखास अडखळतो. किमतीचे बलस्थान आपण आधीच नोंदवले. पण ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरुद ही निराळी गोष्ट आहे. मोटार ही आपल्याकडे केवळ वाहन नसते. सोयरिकीच्या बैठकीत आणि शेजाऱ्यांच्या नजरेतही तिला स्थान असते. जी वस्तू ‘सर्वांत स्वस्त’ म्हणून जगभर गाजली, ती घेऊन दारात उभे राहणे सर्वांना मानवत नाही. पुढे रतन टाटा यांनीही ती प्रतिमा नडल्याचे जाहीरपणे मान्य केले. पण डिसेंबर २०१० मध्ये हे लिहावयाचे तर अनुमान म्हणूनच लिहावे : ‘पहिल्या गर्दीनंतर मागणी टिकली नाही, कारणांपैकी एक ही प्रतिमा असू शकते, खात्री करण्यासाठी नोंदणी रद्द करणाऱ्यांना विचारावे लागेल.’ अनुमानाला अनुमान म्हटल्याने सादरीकरण दुबळे होत नाही.

अशा रीतीने चाळल्यावर स्लाइडवर उरते ते फार थोडे. बलस्थानांत नव्या गाडीसाठी सर्वांत कमी लागणारी रक्कम आणि समूहाची कर्जसंस्था. उणिवांत रिकामा कारखाना, आगीनंतर न सावरलेला विश्वास आणि मोठ्या शहरांकडे झुकलेली, दुचाकीवाल्याला आत पाऊल टाकताना संकोच वाटावा अशी विक्रीदालने. संधी एकच : मोटारीचा हप्ता झेपू शकणारा, पण रोख रक्कम उभी न करू शकणारा दुचाकीधारक. धोके दोन : बँकांची अनिच्छा आणि जुनी मारुती. एकूण आठ ओळी, तेही असमान. चारही चौकटींत पाच-पाच मुद्दे असलेच पाहिजेत, असा नियम कोणीही केलेला नाही. ती केवळ स्लाइडच्या शोभेची सवय आहे.

यानंतरचे काम म्हणजे चौकटी एकमेकींना जोडणे. हाइन्झ वायरिच यांनी १९८२ साली यासाठी स्वॉटचीच अक्षरे उलटी करून ‘टोज’ नावाचा तक्ता मांडला. त्यात प्रत्येक आतल्या मुद्द्याची बाहेरच्या मुद्द्याशी जोडी लावून, त्या जोडीतून काय करावे हे लिहितात. आठ ओळींच्या सर्व जोड्या लावत बसण्याची गरज नाही. निर्णय फिरवणाऱ्या दोन-तीन पुरेत. समूहाची कर्जसंस्था आणि रोख नसलेला दुचाकीधारक ही एक जोडी : नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज स्वतःच द्यावे. खचलेला विश्वास आणि जुनी मारुती ही दुसरी : जुनी गाडी जे देऊ शकत नाही, ते म्हणजे दीर्घ मुदतीची हमी आणि ठरलेला देखभाल खर्च, ते द्यावे. विक्रीदालनांची उणीव आणि तोच दुचाकीधारक ही तिसरी : लहान गावांत छोटी दुकाने काढावीत. तिसरा मार्ग येथे शिफारस म्हणून आपोआप उभा राहतो, आणि त्याच्या प्रत्येक कलमाखाली चौकटीतील एक ओळ आहे, हे बोट ठेवून दाखवता येते.

कंपनीने त्या डिसेंबरमध्ये केले तेही बऱ्याच अंशी हेच. वॉरंटी अठरा महिन्यांवरून चार वर्षे किंवा साठ हजार किलोमीटरपर्यंत वाढवली, महिना ९९ रुपयांत देखभालीचा करार देऊ केला, कर्जाची सोय सैल केली आणि लहान गावांत नॅनोसाठी छोटी दालने उघडली. डिसेंबर २०१० मध्ये पाठवणी ५,७८४ वर गेली, एप्रिल २०११ मध्ये दहा हजारांवर पोहोचली, आणि २०११–१२ या वर्षात सुमारे साडेचौऱ्याहत्तर हजार गाड्या विकल्या गेल्या. तो नॅनोच्या विक्रीचा कळस होता. त्यानंतर उतार लागला तो थांबला नाही; २०१८ मध्ये उत्पादन जवळजवळ बंद झाले.

हे सांगितल्यावर परीक्षक विचारू शकतो : “मग तुमची शिफारस चुकली म्हणायची?” विद्यार्थ्याने येथे गडबडून जाऊ नये. साडेचौऱ्याहत्तर हजार म्हणजे क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. अडसर काढल्यावर ग्राहक आले, पण कारखाना भरेल इतके आले नाहीत. म्हणजे कर्ज आणि हमी यांविषयीचे निदान बरोबर होते आणि प्रतिमेविषयीचे अनुमान, जे आपण खात्रीअभावी वेगळे ठेवले होते, ते वाटले त्याहून मोठे निघाले. स्वॉटची मर्यादा नेमकी हीच आहे. आठ ओळींपैकी कोणती किती वजनाची, हे चौकटी सांगत नाहीत. त्यासाठी ग्राहकांची विचारपूस, ना-नफा-ना-तोटा बिंदूचा हिशेब, दोन-तीन गावांत आधी करून पाहणे, अशी दुसरी साधने लागतात, आणि डिसेंबर २०१० च्या शिफारशीत ‘सहा महिन्यांनी नोंदणी रद्द करणाऱ्यांची पाहणी करून प्रतिमेचा प्रश्न पुन्हा तपासावा’ ही ओळ असती, तर तिला त्या परीक्षकाने अधिक गुण दिले असते.

राहिला सादरीकरणाचा वेळ. दहा मिनिटांत आठही ओळी वाचून दाखवू नयेत. स्लाइड पडद्यावर राहू द्यावी, बोलताना फक्त रोख रकमेचा हिशेब आणि रिकाम्या कारखान्याचा आकडा घ्यावा, आणि तेथून सरळ शिफारशीवर जावे. गाळलेल्या मुद्द्यांची यादी मात्र कागदावर जवळ असावी. कोणीतरी “टाटांचे नाव बलस्थानांत का नाही?” असे विचारतोच, आणि त्याचे उत्तर त्या यादीत अल्टोच्या नावापुढे लिहिलेले असते.